व्हिजिटिंग कार्ड, माहितीपत्रक आणि प्रमाणपत्र : कागदाचे वजन आणि फिनिश कसे ठरवावे

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षण संस्थेचे तीन प्रकारचे छपाईचे काम माझ्याकडे एकाच वेळी आले होते : संचालकांचे व्हिजिटिंग कार्ड, तीन भागांत दुमडायचे माहितीपत्रक आणि अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यांना द्यायचे प्रमाणपत्र. संस्थेची मागणी एका ओळीची होती : "तिन्हींना ३०० जीएसएमचा कागद आणि मॅट लॅमिनेशन." आदल्या वर्षीची प्रमाणपत्रे त्यांनी अशीच छापून घेतली होती आणि त्यातले एक नमुन्यादाखल सोबत आणले होते. हाताला ते सुरेख लागत होते, मात्र स्वाक्षरीच्या जागी निळ्या शाईचा एक फराटा उमटला होता, कारण पेनची शाई लॅमिनेशनच्या प्लास्टिकवर मुरलीच नव्हती आणि गठ्ठा उचलताना अंगठ्याने पुसली गेली होती. तिन्ही वस्तूंना एकच कागद का चालत नाही, हे त्या एका नमुन्यावरून समजावून सांगता आले. पुढे जे लिहिले आहे ते त्याच कामाच्या आधाराने लिहिले आहे.

आकड्याआधीचा प्रश्न

जीएसएमचा आकडा ठरवण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : हा कागद छापून झाल्यावर माणसाचा हात त्याचे काय करणार आहे? कार्ड खिशात जाते, पाकिटात घासले जाते, आणि पुष्कळदा त्याच्या मागे कोणीतरी काहीतरी लिहिते. माहितीपत्रकाची घडी पडते, ते अनेकदा उघडते आणि मिटते. प्रमाणपत्रावर पेन चालते, शिक्का बसतो, ते चौकटीत किंवा फाइलमध्ये जाते आणि वर्षानुवर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. लिहिणे, घडी आणि घासणे या तीन गोष्टींपैकी कोणती आपल्या वस्तूच्या वाट्याला येणार आहे हे एकदा कागदावर मांडले, की निम्मे पर्याय आपोआप गळून पडतात. लिहायचे असेल तर लॅमिनेशन बाद होते, घडी घालायची असेल तर फार जाड कागद बाद होतो, आणि गडद रंग घासला जाणार असेल तर उघडा मॅट आर्ट पेपर, म्हणजे खनिजांचा लेप दिलेला बिनचकाकीचा कागद, बाद होतो.

जीएसएम काय सांगतो आणि काय सांगत नाही

जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन. ए-० आकाराच्या कागदाचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर असते आणि ए-४ हा त्याचा सोळावा भाग असतो. त्यामुळे ८० जीएसएमचा ए-४ कागद ५ ग्रॅम भरतो, आणि उलट बाजूने पाहिले तर ए-४ च्या एका तावाच्या वजनाला १६ ने गुणले की जीएसएम मिळतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक कागद नीट मोजला जात नाही, म्हणून दहा कागद एकदम ठेवावेत आणि आलेल्या वजनाला १० ने भागावे.

कार्डाचीही अशीच परीक्षा घेता येते. ९० × ५४ मिलिमीटरची वीस कार्डे मिळून ०.०९७२ चौरस मीटर भरतात. त्यांचे वजन ३४ ग्रॅम आले, तर ३४ ला ०.०९७२ ने भागून ३५० जीएसएम येतो. येथे एक सावधगिरी हवी. नमुन्याच्या कार्डावर लॅमिनेशन असेल, तर त्या प्लास्टिकचे आणि त्याखालच्या गोंदाचे वजनही काट्यावर येते. दोन्ही बाजूंना लॅमिनेशन केलेले ३०० जीएसएमचे कार्ड अशा मोजणीत सहज ३३० ते ३४० दाखवते, आणि मग तेच "३५० चे" समजून मागवले जाते.

आता जीएसएम जे सांगत नाही त्याकडे वळतो, कारण बहुतेक निराशा तेथून येते. जीएसएम वजन सांगतो, जाडी सांगत नाही. ग्लॉसी आर्ट कार्ड तयार होताना त्यावर खनिजांचा लेप चढतो आणि चकाकी येण्यासाठी ते रुळांमधून दाबले जाते. त्यामुळे ते घट्ट होते आणि वजनाच्या मानाने पातळ राहते. ३०० जीएसएमचे असे कार्ड साधारण २५० मायक्रॉन, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास भरते. त्याच वजनाचा लेप नसलेला कागद आतून भुसभुशीत असतो आणि ३६० मायक्रॉन किंवा त्याहून जाड निघतो. दोन्हींच्या वेष्टनावर आकडा एकच असतो, पण बोटांच्या चिमटीत धरले की लेप नसलेले कार्ड वाटते आणि ग्लॉसी नुसता जाड कागद वाटतो.

ताठपणाच्या बाबतीत हा फरक आणखी वाढतो. एकाच जातीच्या कागदात ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी २० टक्क्यांनी वाढली, तर ताठपणा सुमारे पावणेदोन पट होतो. म्हणून २५० वरून ३०० जीएसएमवर गेल्यावर हाताला जो बदल जाणवतो तो आकड्यातल्या बदलापेक्षा कितीतरी मोठा असतो. म्हणूनच लेप नसलेले ३०० चे कार्ड ग्लॉसी ३५० च्या कार्डापेक्षा अधिक भक्कम वाटू शकते. मुद्रकाकडे नमुन्यांचा गठ्ठा पाहताना जीएसएमबरोबर "किती मायक्रॉन?" हेही विचारावे, म्हणजे दोन वेगळ्या जातींच्या कागदांची तुलना न्याय्य होते.

पृष्ठभाग बोटांना कसा लागतो

पृष्ठभागाची नावे पुष्कळ असली, तरी निर्णयापुरते चार स्पर्श ओळखता आले की पुरे. ते ओळखण्यासाठी नमुना टेबलावर ठेवून बघू नये. डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवावा आणि मग कागद कानाजवळ हलवावा.

ग्लॉसी आर्ट पेपर बोटाला गार लागतो, कारण गुळगुळीत घट्ट पृष्ठभागाला बोट पूर्ण टेकते आणि बोटातली ऊब पटकन कागदात जाते. बोट कोरडे असेल तर सरकते, घामेजलेले असेल तर चिकटत चिकटत पुढे जाते. रंग भरदार दिसतात, काळा खरोखर काळा दिसतो, पण दिव्याखाली मजकूर वाचताना कागद तिरका करावा लागतो. मॅट आर्ट पेपरचा स्पर्श कोरडा, किंचित खडूसारखा असतो. चकाकी नसल्याने वाचणे सुखाचे होते. त्याचा दोष असा, की गडद रंगाचा मोठा पट्टा त्यावर उघडा छापला तर नखाच्या, बोटाच्या, एवढेच काय दुसऱ्या कागदाच्या घासण्यानेही त्यावर पांढुरके ओरखडे उठतात. हे टाळण्यासाठी छपाईवर वॉर्निशचा थर मागावा लागतो.

लेप नसलेला कागद, ज्याला आपण मॅपलिथो, बाँड किंवा नुसता "साधा कागद" म्हणतो, तो बोटाला कोमट आणि किंचित खरखरीत लागतो. त्यात शाई मुरते, त्यामुळे छायाचित्रे थोडी मंद आणि जड दिसतात, बारीक पांढरी अक्षरे गडद पार्श्वभूमीत बुजतात, पण पेन त्यावर मनापासून चालते. चांगला बाँड हलवला तर कडक, खणखणीत आवाज येतो. आर्ट पेपर त्याच वजनात लिबलिबीत वाटतो आणि त्याचा आवाज दबका असतो.

चौथा स्पर्श लॅमिनेशनचा, आणि तो कागदाचा नसून कागदावर चढवलेल्या पातळ प्लास्टिकचा असतो. ग्लॉस लॅमिनेशन काचेसारखे लागते. मॅट लॅमिनेशन रेशमी आणि किंचित मेणचट लागते, आणि रंगांचा भडकपणा थोडा खाली आणते. ज्याला सॉफ्ट टच किंवा वेल्वेट म्हणतात त्याचा स्पर्श पीचच्या सालीसारखा असतो, मात्र गडद रंगावर बोटांच्या तेलाचे डाग त्यावर ठळक उमटतात. लॅमिनेशनमुळे पाणी आणि घासणे यांपासून संरक्षण मिळते, परंतु एकदा ते चढले की खालच्या कागदाचा पोत हाताला कळत नाही. म्हणून महागडा पोतदार कागद घेऊन त्यावर लॅमिनेशन करणे म्हणजे कागदावरचा खर्च वाया घालवणे होय.

व्हिजिटिंग कार्ड

संस्थेच्या संचालकांना मी विचारले, "कार्ड देताना त्यावर कधी काही लिहिता का?" ते म्हणाले, "जवळजवळ दरवेळी. भेटीची वेळ किंवा अभ्यासक्रमाचे नाव मागे लिहून देतो." एवढ्या एका उत्तराने दोन्ही बाजूंचे लॅमिनेशन बाद झाले.

त्यांनी लगेच सुचवले, की मग पुढच्या बाजूला मॅट लॅमिनेशन करा आणि मागची बाजू मोकळी ठेवा. हा उपाय सर्वांनाच सुचतो, आणि पहिल्या दमट दिवशी तो फसतो. कागद हवेतला ओलावा पिऊन पसरतो. ज्या बाजूला प्लास्टिक आहे ती बाजू पसरू शकत नाही, मोकळी बाजू पसरते, आणि कार्ड लॅमिनेशनच्या बाजूकडे वाटीसारखे वळते. जाड कार्ड कमी वळते, पण वळते. एका बाजूचे लॅमिनेशन खरोखर हवेच असेल तर निदान ३५० जीएसएमचे कार्ड घ्यावे, आणि दहा नमुने छापून दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवून पाहावेत.

आम्ही लेप नसलेला, गुळगुळीत, किंचित दुधी छटेचा ३५० जीएसएमचा कागद घेतला. त्याची जाडी ०.४ मिलिमीटरच्या थोडी वर भरत होती. याचा एक परिणाम आधीच सांगून ठेवावा लागतो : अशा शंभर कार्डांची चळत ४ सेंटिमीटरच्या वर जाते, तर ग्लॉसी ३५० च्या शंभर कार्डांची सुमारे ३ सेंटिमीटर भरते. संचालकांच्या कार्डाच्या डबीत पूर्वी वीस कार्डे मावत, आता चौदा मावू लागली. दोन कागद चिकटवून केलेली ६०० जीएसएमच्या घरातली कार्डे हातात घेताना भारदस्त वाटतात, पण घेणाऱ्याच्या पाकिटात ती बसत नाहीत आणि टेबलावर राहून जातात. माझ्या मते रोजच्या वापराच्या कार्डासाठी ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर हा पट्टा योग्य आहे.

कार्डाच्या कडेचा विचार सहसा होत नाही. मूळ मांडणीत कार्डाची सगळी मागची बाजू गडद निळी होती. पांढऱ्या गाभ्याच्या कागदावर कडेपर्यंत गडद रंग छापला आणि वर लॅमिनेशन नसेल, तर पाकिटात चार-सहा दिवस राहिल्यावर कडा आणि कोपरे पांढरे दिसू लागतात. शिवाय निळ्यावर लिहायचे कशाने, हा प्रश्न होताच. म्हणून निळा रंग पुढच्या बाजूच्या डावीकडच्या पट्टीपुरता ठेवला आणि मागची बाजू कोरी सोडली.

लिहिण्याची गरज नसेल आणि कार्ड खूप हाताळले जाणार असेल, तर निर्णय याच्या उलट घ्यावा : ३०० ते ३५० जीएसएमचे आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंना मॅट लॅमिनेशन, आणि हवे असल्यास नावावर किंवा चिन्हावर स्पॉट यूव्ही, म्हणजे तेवढ्याच जागी चढवलेला चकचकीत थर. मॅट पृष्ठभागावर यूव्हीचा चकचकीत उंचवटा बोटाला आणि डोळ्याला दोन्हीकडे जाणवतो. ग्लॉसवर केलेला यूव्ही कोणाच्याही लक्षात येत नाही.

माहितीपत्रक : सगळा प्रश्न घडीचा

माहितीपत्रक ए-४ आकाराचे, तीन भागांत दुमडलेले आणि दोन्ही बाजूंनी छायाचित्रे असलेले होते. मागणीप्रमाणे ३०० जीएसएम घेतला असता तर ते दुमडल्यावर स्प्रिंगसारखे उघडे राहिले असते आणि घडीवर लेप तडकून पांढरी रेघ दिसली असती. हे घडते कारण घडी घालताना कागदाची बाहेरची बाजू ताणली जाते. कागद जितका जाड तितका ताण अधिक, आणि खनिजांचा लेप लवचिक नसल्याने तो फुटतो. घडीवरून गडद रंग जात असेल तर ही रेघ दुरूनही दिसते.

हे टाळण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे वजन. एका तावाच्या, घडीच्या माहितीपत्रकाला १३० ते १७० जीएसएम पुरतो. १३० च्या खाली गेल्यास मागच्या बाजूचे चित्र पुढे दिसू लागते, आणि दोन्ही बाजूंना छायाचित्रे असताना ते फार खटकते. दुसरी म्हणजे क्रीजिंग. साधारण १७० जीएसएम आणि त्यापुढच्या कागदाला घडी घालण्यापूर्वी त्या जागी दाबून खोबण पाडावी लागते. क्रीजिंगमुळे एका बाजूला खाच आणि दुसऱ्या बाजूला बारीक उंचवटा तयार होतो, आणि घडी अशी घालावी लागते की उंचवटा घडीच्या आत राहील. पुष्कळांना हे उलटे वाटते आणि ते खाचेच्या बाजूने कागद मिटतात, त्यामुळे क्रीजिंग करूनही कागद तडकतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. ती म्हणजे ग्रेन. कागद यंत्रावर तयार होताना त्यातले तंतू बहुतांशी यंत्राच्या धावण्याच्या दिशेने पडतात. त्या दिशेला समांतर घडी स्वच्छ पडते. आडवी घडी घातली तर तंतू मोडावे लागतात आणि कड खडबडीत होते. ग्रेन ओळखायला सोपे आहे. ताव हातात घेऊन आधी एका दिशेने आणि मग दुसऱ्या दिशेने हलकेच वाकवावा, मोडू देऊ नये. ज्या दिशेने वाकवताना तळव्याला कमी विरोध जाणवतो, त्या वाकाची रेघ ग्रेनला समांतर असते. शंका राहिली तर एक छोटा चौकोन कापून एकाच बाजूने ओला करावा. तो काही क्षणांत नळीसारखा वळतो, आणि नळीची लांबी ग्रेनच्या दिशेने असते.

आता आपल्या कामाला हे लावून पाहू. ए-४ च्या तीन भागांच्या घड्या २१० मिलिमीटरच्या कडेला समांतर पडतात. बाजारात मिळणाऱ्या ए-४ कागदांत मात्र ग्रेन बहुतेक वेळा लांब कडेला, म्हणजे २९७ मिलिमीटरच्या कडेला, समांतर असते. अशा तयार ए-४ वर डिजिटल छपाई केली तर प्रत्येक घडी ग्रेनला आडवी जाते. यावर साधा मार्ग असा, की माहितीपत्रक ३२० × ४५० मिलिमीटरच्या तावावर दोन-दोन छापून घ्यावे. त्या तावात ग्रेन ४५० च्या कडेला समांतर असेल, तर दोन ए-४ त्यावर शेजारी-शेजारी मांडल्यावर २१० ची कड ग्रेनला समांतर येते आणि घड्या आपोआप योग्य दिशेने पडतात. कागद तोच आणि वजनही तेच राहते, पण घडीची कड एकदम वेगळी दिसते. मुद्रकाला "घडी ग्रेनला समांतर हवी" एवढे एक वाक्य लिहून दिले तरी पुरते.

वजन ठरवण्यासाठी मी छपाईपूर्वी मॅट आर्ट पेपरच्या कोऱ्या डमी बनवून घेतल्या. १७० ची डमी हाताला छान भरीव लागली, पण मिटून टेबलावर ठेवली की तिचे तोंड उघडे राहत होते. १३० ची सपाट मिटली, मात्र मागे गडद छपाई धरून खिडकीपाशी पाहिले तेव्हा तिच्यातून सावली दिसली. म्हणून मधला १५० चा कागद घेतला. ए-४ आकारात तो सुमारे ९.४ ग्रॅम भरतो, तर १७० चा १०.६ ग्रॅम. माहितीपत्रके टपालाने जायची असतील तर पत्र, पाकीट आणि माहितीपत्रक एकत्र काट्यावर ठेवून टपालदराची पायरी ओलांडली जाते का, हे याच वेळी पाहावे.

डमीमुळे आणखी एक चूक पकडली गेली. मांडणीकाराने तिन्ही भाग ९९ मिलिमीटरचे केले होते. आत दुमडला जाणारा भाग किंचित अरुंद नसेल तर तो शेवटच्या घडीला अडतो आणि कागद फुगतो. १००, १०० आणि ९७ मिलिमीटर अशी विभागणी केल्यावर ते सपाट बसले. घडीवरून जाणारा गडद पट्टाही काढून टाकला आणि छपाईवर मॅट वॉर्निश मागितले, कारण माहितीपत्रके गठ्ठ्यात एकमेकांवर घासली जाणार होती.

अनेक पानांची पुस्तिका असेल तर हिशेब थोडा बदलतो. आतली पाने १०० ते १३० आणि मुखपृष्ठ २०० ते २५० जीएसएमचे ठेवले, की उघडताना मुखपृष्ठ हाताला आधार देते आणि आतली पाने सहज उलटतात.

प्रमाणपत्र

प्रमाणपत्राच्या बाबतीत जाडीपेक्षा पृष्ठभाग आधी ठरवावा. त्यावर पेनाने स्वाक्षरी होणार, शाईचा शिक्का बसणार, आणि बहुधा प्रत्येकाचे नाव वेगळे छापले जाणार. या तिन्ही कामांना लेप नसलेला कागद लागतो. आर्ट पेपरवर जेल पेनची शाई ओलीच राहते, आणि स्टॅम्प पॅडची शाई तर मिनिटे गेली तरी बोटाला लागते. फाउंटन पेनने स्वाक्षरी होणार असेल तर एक पाऊल पुढे जावे, कारण लेप नसलेल्या सर्वच कागदांवर ती शाई सारखी वागत नाही. काही कागदांवर अक्षराच्या कडेने केसासारखे फाटे फुटतात. ज्याची स्वाक्षरी आहे त्याच्याच पेनाने कोऱ्या नमुन्यावर स्वाक्षरी करून घ्यावी, दहा मोजावेत आणि अंगठा फिरवावा. इतर कोणतीही माहिती या परीक्षेची जागा घेऊ शकत नाही.

पोत किती असावा, हा पुढचा प्रश्न. लिनन किंवा रेघी पोताचा कागद हाताला प्रतिष्ठित वाटतो. पण नावे लेझर प्रिंटरवर छापायची असतील तर खोल पोत अडचण करतो, कारण टोनर उंचवट्यांवर नीट बसतो आणि खळग्यांत अर्धवट राहतो, त्यामुळे अक्षरे कुरतडल्यासारखी दिसतात. आम्ही म्हणून सौम्य, जवळजवळ गुळगुळीत पण बोटाला किंचित खरखर जाणवणारा दुधी रंगाचा कागद निवडला.

संस्थेला २५० जीएसएम हवा होता, आणि ऑफसेटवर किनार, चिन्ह आणि मजकूर छापायला तो काहीच अवघड नव्हता. परंतु नावे संस्थेच्या कार्यालयातल्या प्रिंटरवर छापली जाणार होती आणि त्या प्रिंटरची मर्यादा त्याच्या माहितीपुस्तिकेत २२० जीएसएम दिलेली होती. म्हणून २०० जीएसएमचा कागद घेतला. ए-४ आकारात तो साडेबारा ग्रॅम भरतो. लेप नसल्याने तो ग्लॉसी २५० इतकाच किंवा त्याहून जाड लागतो, त्यामुळे समारंभात हातात घेताना काहीही उणे वाटत नाही.

अशा जाड कागदावर छापताना प्रिंटरच्या सेटिंगमध्ये कागदाचा प्रकार `Heavy` किंवा `Thick` असा निवडावा लागतो. त्यामुळे यंत्र सावकाश चालते आणि टोनर वितळायला पुरेशी उष्णता मिळते. हे विसरले गेले तर नाव छापलेले दिसते, पण नखाने खरवडले की भुकटीसारखे निघते. पहिल्या प्रमाणपत्राच्या अक्षरांवर नख ओढून पाहणे आणि कोपऱ्यातल्या चाचणीच्या अक्षरावर चिकटपट्टी लावून उचलून पाहणे, एवढ्याने खात्री होते. सोनेरी फॉइल किंवा लॅमिनेशन असलेला कागद मात्र लेझर प्रिंटरमध्ये घालू नये. तेथे उष्णता सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते, फॉइल सुटू शकते आणि प्लास्टिक रुळाला चिकटून यंत्र बिघडते. फॉइल हवेच असेल तर नावे आधी छापून घ्यावीत आणि फॉइल शेवटी चढवावे. आम्ही फॉइलऐवजी उठावाचा शिक्का निवडला. जाड, लेप नसलेल्या कागदावर तो खोल आणि स्वच्छ उठतो आणि बोटाने वाचता येतो, तर आर्ट कार्डावर त्याच्या कडेने लेप तडकण्याची भीती असते.

ग्रेनचा विचार येथेही करावा. आडवे प्रमाणपत्र दोन्ही टोकांना धरून छायाचित्रासाठी उभे राहतात तेव्हा कागद मधोमध झोळी होऊ नये असे वाटते. ग्रेन लांब कडेला समांतर असेल तर तो कमी झुकतो. माहितीपत्रकाला जो तयार ए-४ कागद गैरसोयीचा होता, तोच येथे सोयीचा ठरला.

टिकाऊपणाबाबत एवढेच, की जपून ठेवायच्या कागदासाठी आम्लरहित कागद मागावा. दीर्घकाळ टिकणाऱ्या कागदाचे आयएसओ ९७०६ हे मानक आहे, आणि त्याचा उल्लेख वेष्टनावर आढळतो. फार शुभ्र, निळसर पांढरा कागद टाळावा, कारण त्या शुभ्रतेसाठी घातलेली द्रव्ये उजेडात मंदावतात आणि भिंतीवर लावलेला कागद पिवळसर दिसू लागतो. दुधी कागदात हा बदल नजरेत भरत नाही. आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर त्याला प्लास्टिकमध्ये बंद करू नये, हे देणाऱ्यानेच सांगावे. ते लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही, आणि उठावाचा शिक्का त्या दाबाखाली चपटा होतो.

मागणी कशी लिहावी आणि माल कसा तपासावा

शेवटी मुद्रकाला दिलेली मागणी अशी होती.

व्हिजिटिंग कार्ड : ९० × ५४ मिलिमीटर, लेप नसलेला गुळगुळीत दुधी कागद, ३५० जीएसएम, जाडी ४०० मायक्रॉनपेक्षा कमी नको, लॅमिनेशन नाही, मागची बाजू कोरी.

माहितीपत्रक : ए-४, मॅट आर्ट पेपर, १५० जीएसएम, दोन्ही बाजूंना मॅट वॉर्निश, तीन भाग १००, १०० आणि ९७ मिलिमीटरचे, घडी ग्रेनला समांतर, आणि १५० जीएसएम असूनही क्रीजिंग करून.

प्रमाणपत्र : ए-४ आडवे, लेप नसलेला आम्लरहित दुधी कागद, २०० जीएसएम, ग्रेन लांब कडेला समांतर, लेझर प्रिंटरवर नंतर नावे छापायची असल्याने उष्णता सोसणारी शाई, वॉर्निश नाही, आणि पंधरा प्रती जास्त.

या शेवटच्या पंधरा प्रती नावांच्या चुका आणि स्वाक्षरीचे डाग यांसाठी होत्या, आणि त्यांपैकी नऊ खरोखर लागल्या.

माल आल्यावर वरची प्रत पाहून समाधान मानू नये. गठ्ठ्याच्या मधून दहा प्रती काढाव्यात आणि वजन करावे. चार-पाच टक्क्यांचा फरक कागदाच्या उत्पादनात चालतो, म्हणून २०० च्या जागी १९२ आल्यास तक्रार करू नये, पण १८० आल्यास कागद बदलला गेला आहे असे समजावे. वॉर्निश किंवा भरपूर शाई असलेल्या कागदाचे वजन किंचित जास्त येते, ते ध्यानात ठेवावे. माहितीपत्रकाची एक प्रत दहा वेळा उघडून मिटावी आणि घडीकडे तिरक्या उजेडात पाहावे. कार्डाच्या मागे पेनाने एक ओळ लिहून लगेच पुसून पाहावी. प्रमाणपत्रांचा गठ्ठा मात्र छपाईपूर्वी वेष्टनातच ठेवावा आणि नावे छापायच्या खोलीत आदल्या दिवशी आणून ठेवावा, कारण दमट हवेत उघडा राहिलेला २०० जीएसएमचा कागद कडांनी लहरी होतो आणि प्रिंटरमध्ये तिरका ओढला जातो, ज्यामुळे नाव ओळीच्या वर किंवा खाली पडते.